एका पानावरचा कोथरूड

कोथरूडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं जायला किती दिवस लागतात, असं एखाद्या एजंटला विचारा. ‘आठ-दहा दिवस, फार तर पंधरा,’ असं उत्तर येईल. तो खोटं बोलत नसतो. त्याला जी घरं आठवतात ती खरोखरच तेवढ्यात गेलेली असतात. जी अजून गेलेली नाहीत त्यांचा हिशोब त्याच्या डोक्यात सुरूच झालेला नसतो, कारण त्यांचं काम अजून संपलेलं नाही. आणि प्रश्न विचारणाऱ्या मालकाचं घर नेमकं त्यातलंच एक असतं.

घरमालक असलेल्या ग्राहकांना दर तिमाहीला एक पान पाठवायची पद्धत काही चोखंदळ एजंट आणि मालमत्ता सांभाळणारे सल्लागार पाळतात. त्या पानावर एकाच परिसराची माहिती असते: विक्रीसाठी सांगितले जाणारे भाव, भाडी, घर भाड्यानं जायला लागलेले दिवस आणि शेवटी चार-पाच वाक्यांचा साधा शेरा. वाचणारे कोण, तर पौड रोडवर राहून दुसरा फ्लॅट भाड्यानं देणारे निवृत्त गृहस्थ, किंवा न्यू जर्सीत नाही तर दुबईत राहणारा त्यांचा मुलगा, ज्याच्या नावावर आईवडिलांचं जुनं घर आहे. अकरा महिन्यांचा करार संपत आला की या लोकांपुढे प्रश्न ठरलेले असतात. आहे त्या भाडेकरूला किती वाढ सांगायची? तो गेला तर घर किती दिवस रिकामं राहील? की विकूनच टाकायचं? वर्तमानपत्रातल्या ‘पुण्यात घरांच्या किमती वाढल्या’ अशा बातमीनं यातला एकही प्रश्न सुटत नाही. राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ निर्देशांक दर तिमाहीला निघतो, पण तो शहरांची तुलना करायला काढलेला आहे. डहाणूकर कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घराचं त्यात काही कळत नाही.

म्हणून पानाची पहिली ओळ हद्द सांगणारी हवी. ‘कोथरूड’ एवढं पुरत नाही. मयूर कॉलनी, भुसारी कॉलनी, आयडियल कॉलनी आणि गांधी भवनाकडचा भाग यांचे दर आणि भाडेकरू वेगळे आहेत. 6 मार्च 2022 रोजी वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाल्यापासून स्टेशनच्या चालत्या अंतरातलं घर आणि टेकडीच्या पायथ्याचं घर यांतला फरक भाडेकरूही विचारात घेतात. ‘कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांच्या मधल्या सोसायट्यांतली दोन बेडरूमची, फर्निचर नसलेली किंवा थोडं असलेली घरं’ अशी हद्द ठरवली, तर ती पुढच्या प्रत्येक तिमाहीला तशीच ठेवावी लागते. एकदा वारज्याची तीन घरं ‘जवळच आहेत’ म्हणून आत घेतली, की मागच्या पानाशी तुलना संपली.

आता भावांबद्दल, आणि इथे मी थोडक्यात सांगेन, कारण मालकांचा सगळ्यात जास्त रस याच आकड्यात असला तरी पानावरचा सगळ्यात कच्चा आकडा हाच असतो. सांगितलेला भाव म्हणजे मालकाची इच्छा. तो जाहिरातीत फुकट लिहिता येतो आणि महिनोन्‌महिने तसाच ठेवता येतो. शिवाय एकच फ्लॅट पाच-सहा एजंटांकडून वेगवेगळ्या किमतीला दिसतो. खिडकीच्या जाळीवरून, मजल्यावरून, फोटोतल्या फरशीवरून तो एकच आहे हे ओळखून एकदाच मोजावा लागतो. क्षेत्रफळाचा घोळ वेगळाच. समजा 750 चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट 1 कोटी 10 लाखांना सांगितला आहे. कार्पेटवर दर निघतो सुमारे 14,670 रुपये. तोच फ्लॅट जिना-लॉबी धरून 975 फूट ‘सेलेबल’ म्हणून सांगितला, तर दर दिसतो सुमारे 11,280. रेरा कायद्यानंतर नव्या प्रकल्पांत कार्पेट सांगणं बंधनकारक झालं, पण जुन्या सोसायट्यांच्या करारनाम्यांत बिल्टअप लिहिलेलं असतं आणि फेरविक्रीच्या जाहिरातींत तर काहीही. दोन्ही प्रकारचे दर एकाच सरासरीत घातले, तर जो आकडा निघतो त्याला काही अर्थ उरत नाही.

पण याहून फसवी गोष्ट म्हणजे घरांची सरमिसळ. मागच्या तिमाहीत विक्रीला दहा फ्लॅट होते असं धरू. आठ जुन्या इमारतींतले, कार्पेटवर 12,000 दराचे, आणि दोन नव्या इमारतीतले, 16,000 दराचे. सरासरी 12,800. या तिमाहीत एक नवी इमारत पूर्ण झाली आणि दहांपैकी पाच जुने, पाच नवे फ्लॅट विक्रीला आले. दर मात्र दोन्हींचे तेच. सरासरी झाली 14,000. पानावर ‘भावांत नऊ टक्के वाढ’ असं छापलं जाईल, आणि जुन्या इमारतीतला मालक आनंदानं आपला भाव नऊ टक्के चढवेल. वाढ एका रुपयाचीही झालेली नाही. त्यामुळे जुनी आणि नवी घरं दोन ओळींतच दाखवायला हवीत. दोन ओळींनी पान थोडं गर्दीचं होतं, ते चालेल.

सांगितलेल्या भावाला लगाम घालायचा, तर नोंदणी झालेल्या व्यवहारांशी ताडून पाहावं लागतं. नोंदणी विभागाकडून मिळणाऱ्या इंडेक्स टूमध्ये मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे असतात. खरेदीदारानं खरोखर कबूल केलेली रक्कम म्हणजे मोबदला. शेजारचा बाजारभाव हा रेडी रेकनरच्या दरानं काढलेला असतो, मुद्रांक शुल्क कशावर घ्यायचं ते ठरवण्यासाठी. नवखा माणूस हमखास दुसरा आकडा उचलतो. मोबदल्यालाही एक मर्यादा आहे: टोकन दिल्यापासून कर्ज मंजूर होऊन करारनामा नोंदवला जाईपर्यंत आठवडे जातात, आणि सही झाल्यानंतरही नोंदणीला कायद्यानं चार महिन्यांची मुदत असते. म्हणजे जून अखेरच्या पानावर दिसणारे नोंदवलेले व्यवहार बरेचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरलेले असतात. सांगितलेला भाव पुढचा, नोंदवलेला मागचा. दोन्ही शेजारी ठेवून ‘यांतली तफावत मागच्या वेळेपेक्षा वाढली की कमी झाली’ एवढंच पाहावं. तफावत वाढत असेल तर मालक बाजाराच्या पुढे पळताहेत.

भाड्याचं गणित जास्त भरवशाचं असतं, कारण ठरलेलं भाडं एजंटच्या हाताखालून जातं. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे. त्यामुळे चांगल्या एजंटच्या कपाटात स्वतः केलेल्या करारांच्या प्रती असतात. पानावर सांगितलेलं आणि ठरलेलं अशी दोन्ही भाडी यावीत. अडचण एकच, की दोन घरांचं भाडं सारख्या अटींचं नसतं. 27,000 रुपयांत सोसायटीचा मेंटेनन्स धरला आहे की तो भाडेकरूनं वेगळा द्यायचा आहे? महिन्याला अडीच-तीन हजारांचा हा फरक दोन तिमाहींतल्या सगळ्या वाढीएवढा असू शकतो. म्हणून सगळी भाडी एकाच पद्धतीवर आणावीत. माझ्या मते ‘मेंटेनन्स मालकाकडे’ ही पद्धत बरी, कारण मालकाच्या हातात नेमकं काय उरतं ते मग एका वजाबाकीत कळतं. डिपॉझिटचा फरक त्या मानानं किरकोळ. मुद्रांक शुल्क काढताना परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरतात. तोच हिशोब लावला, तर पन्नास हजार जास्त डिपॉझिट म्हणजे महिन्याला सुमारे 417 रुपये. कुणी दहा लाखांचं हेवी डिपॉझिट घेऊन नाममात्र भाड्यावर घर दिलं असेल, तर ते घर या यादीत घेऊच नये.

आता दिवसांकडे येतो. भाव आणि भाडी सगळेच सांगतात. दिवस सांगणारे थोडे, आणि ते नीट मोजणारे त्याहून थोडे.

पहिला प्रश्न असा की दिवस कधीपासून कधीपर्यंत मोजायचे. भाडेकरूनं महिनाभराची नोटीस दिली, त्याच आठवड्यात जाहिरात लागली, पंचविसाव्या दिवशी नवा भाडेकरू ठरला. घर जायला पंचवीस दिवस लागले, पण रिकामं राहिलं ते जुना माणूस गेल्यानंतर रंगकाम होईपर्यंतचे पाच-सात दिवस. दुसरीकडे एखादं घर आधी रिकामं झालं, मग महिनाभर नळ आणि वायरिंगची कामं चालली, मग जाहिरात लागली आणि आठ दिवसांत गेलं. पहिल्या मालकाचे दिवस जास्त दिसतात आणि नुकसान कमी झालेलं असतं. म्हणून पानावर जाहिरात लागल्यापासून टोकन मिळेपर्यंतचे दिवस मोजावेत, आणि जुना भाडेकरू गेल्यापासून नवं भाडं सुरू होईपर्यंतचे रिकामे दिवस वेगळे सांगावेत. पहिला आकडा बाजाराबद्दल सांगतो, दुसरा मालकाच्या खिशाबद्दल. टोकन देऊन माघार घेणारेही असतात. तसं झालं तर घड्याळ थांबलंच नव्हतं असं समजून मोजणी पुढे चालू ठेवायची.

आता एक तिमाही पूर्ण सोडवून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण या भागातल्या दोन बेडरूमच्या घरांना शोभतील असे. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत अकरा घरं भाड्यानं गेली. त्यांना लागलेले दिवस चढत्या क्रमानं असे: 4, 6, 7, 9, 11, 14, 18, 21, 26, 38 आणि 83. बेरीज 237, सरासरी साडेएकवीस. पण अकरांपैकी आठ घरं या सरासरीच्या आतच गेली आहेत. एकट्या 83 दिवसांच्या घरानं ती फुगवली. असं शेवटचं लांबलचक घर प्रत्येक तिमाहीत एखादं असतंच. म्हणून सरासरीऐवजी रांगेतला मधला आकडा घ्यावा. अकरांत सहावा, म्हणजे 14 दिवस. बहुतेक पानांवर हाच छापला जातो, आणि इथपर्यंत येणारा एजंट कामाला चोख समजावा.

तरी हे 14 खरे नाहीत. 30 जूनला आणखी पाच घरं रिकामी होती, आणि त्यांची जाहिरात लागून अनुक्रमे 12, 31, 47, 64 आणि 95 दिवस झाले होते. ती अजून गेलेली नाहीत म्हणून हिशोबातून वगळली, तर आपण फक्त जिंकलेल्यांची शर्यत मोजतो. ती घ्यायची कशी? त्यांचे पक्के दिवस आपल्याला ठाऊक नाहीत, पण ‘इतक्यापेक्षा जास्त’ एवढं ठाऊक आहे, आणि तेवढं पुरतं. एकूण घरं सोळा. त्यांतली निम्मी, म्हणजे आठ घरं, किती दिवसांत गेली? गेलेल्यांच्या यादीत आठवा आकडा 21. म्हणजे भाड्याला काढलेल्या घरांपैकी निम्मी तीन आठवड्यांत गेली, निम्मी गेली नाहीत. जेमतेम 12 दिवस झालेलं घर येत्या चार-पाच दिवसांत गेलं, तर हा आकडा 21 वरून 18 वर येईल, त्यापलीकडे नाही. पानावर ‘सुमारे तीन आठवडे’ असं लिहिलं की काम झालं.

14 आणि 21 यांतला आठवड्याचा फरक क्षुल्लक वाटेल. पण तो नेहमी एकाच दिशेनं चुकतो, आणि बाजार पडत असताना जास्त चुकतो. मागणी आटली की घरं अडकतात. अडकलेली घरं गेलेल्यांच्या यादीत येतच नाहीत. झटपट जाणारी तेवढी यादीत उरतात आणि मधला आकडा उलट सुधारलेला दिसतो. ज्या तिमाहीत मालकांना सावध करायला हवं, त्याच तिमाहीत पान त्यांना निर्धास्त करतं. हे ओळखायचं असेल तर दिवसांच्या आकड्याशेजारी दोन संख्या मागाव्यात: किती घरं गेली आणि किती उरली. अकरा गेली, पाच उरली, हे ठीक. पुढच्या पानावर सहा गेली, अकरा उरली आणि दिवस मात्र 14 वरून 12 वर आले असं दिसलं, तर तो सुधार नाही.

त्या 83 दिवसांच्या घराची गोष्ट वेगळी सांगण्यासारखी आहे, कारण जाहिरातींच्या नोंदीत ते बहुधा 83 दिसत नाही. मालकानं 30,000 रुपये भाडं सांगितलं. शेजारच्या इमारतीत तेवढं मिळाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. त्या घरात मॉड्युलर किचन आणि दोन एसी होते, हे ऐकलेलं नव्हतं. दोन महिने फोन आले, घर पाहायला चार कुटुंबं आली, पण टोकन आलं नाही. साठाव्या दिवशी जाहिरात काढून टाकली आणि दुसऱ्या दिवशी 27,000 रुपयांनी नव्यानं लावली. त्यानंतर तेवीस दिवसांत घर गेलं. नव्या जाहिरातीच्या तारखेपासून मोजलं तर हे घर 23 दिवसांत आणि मागितलेल्या पूर्ण भाड्याला गेलं असं दिसतं. साठ दिवस नाहीसे झाले, तीन हजारांची उतरणही नाहीशी झाली. म्हणून घड्याळ जाहिरातीला न लावता घराला लावायचं. एजंट बदलला, फोटो बदलले, भाडं उतरवलं, तरी पहिली तारीख तीच.

या मालकाचा हिशोब पुढे नेऊ. 27,000 रुपये महिना म्हणजे दिवसाला 900 रुपये. निम्मी घरं ज्या एकवीस दिवसांत गेली त्यापेक्षा हे घर 62 दिवस जास्त थांबलं. 62 गुणिले 900, म्हणजे 55,800 रुपये. समजा थांबून थांबून त्यांना खरोखर 30,000 रुपये देणारा भेटला असता, तर काय झालं असतं? महिन्याला 3,000 जास्त, अकरा महिन्यांचे 33,000. भाड्याची लढाई जिंकूनही ते 22,800 रुपये हरले असते, आणि रिकाम्या दिवसांतला मेंटेनन्स त्याशिवाय. हा हिशोब पानावर एका ओळीत बसतो: ‘या भाड्याच्या घरासाठी एक रिकामा आठवडा म्हणजे 6,300 रुपये, अकरा महिन्यांच्या करारात हे भरून काढायला महिना सुमारे 570 रुपये जास्त भाडं लागेल.’ मालकांशी भाड्यावरून होणारे निम्मे वाद ही ओळ वाचवते, कारण मग कुणाचा मान दुखावत नाही, फक्त भागाकार होतो.

अकरा-सोळा घरांवरून आकडा काढताना फार नेमकेपणाचा आव आणू नये, हेही इथेच सांगायला हवं. 20.7 दिवस, 27,136 रुपये असले आकडे पानावर दिसले की मला शंका येते. एखादं घर इकडचं तिकडे झालं असतं तर तो आकडा बदलला असता. भाडं जवळच्या पाचशेवर आणावं, दिवस आठवड्यांत सांगावेत, आणि मधल्या आकड्याबरोबर मधल्या निम्म्या घरांचा पट्टा द्यावा. आपल्या गेलेल्या अकरा घरांत तो 7 ते 26 दिवसांचा आहे. पाचपेक्षा कमी व्यवहार झाले असतील, तर रकान्यात ‘पुरेसे व्यवहार नाहीत’ असं लिहावं. तीन बेडरूमच्या मोठ्या फ्लॅटबाबत कोथरूडसारख्या भागात असं वारंवार लिहावं लागतं, आणि ते लिहिणाऱ्यावर माझा विश्वास वाढतो.

तिमाहीची तिमाहीशी तुलना करताना आणखी एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे आपलं पंचांग. जून-जुलैमध्ये कॉलेजांचे प्रवेश आणि शाळा सुरू होणं यामुळे पौड रोडच्या आसपास भाड्याच्या घरांना ओढ असते. पुढे पितृपक्षात घर बदलायचं टाळणारी कुटुंबं आजही भरपूर आहेत. त्या पंधरवड्यात घर पाहून ठेवतात, पण टोकन देत नाहीत, आणि घटस्थापनेनंतर एकदम फोन वाजायला लागतात. हा पंधरवडा दरवर्षी एकाच तिमाहीत पडत नाही. 2023 साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटी सुरू होऊन जवळजवळ सगळा ऑक्टोबरात गेला. 2025 साली तो 21 सप्टेंबरला संपलासुद्धा. म्हणजे जुलै-सप्टेंबर 2025 ची तुलना जुलै-सप्टेंबर 2023 शी केली, तर एका बाजूला पूर्ण थंड पंधरवडा आहे आणि दुसऱ्या बाजूला तो जवळजवळ नाहीच. दिवस वाढलेले दिसतील आणि कारण पंचांगात असेल. ‘मागच्या वर्षीच्या याच तिमाहीशी तुलना करा’ हा सर्वसाधारण सल्ला चांगला आहे, पण सप्टेंबर आणि डिसेंबरच्या पानांवर पितृपक्ष आणि दिवाळी कुठे पडली ते लिहिल्याशिवाय ती तुलना छापू नये.

आता शेरा. पानावर सगळ्यात आधी वाचला जाणारा भाग हाच, आणि सगळ्यात वाईट लिहिला जाणाराही. ‘बाजारात स्थिरता असून सकारात्मक कल दिसून येतो’ हे वाक्य कुठल्याही तिमाहीच्या, कुठल्याही शहराच्या पानावर चिकटवता येईल. शेरा असा हवा की ज्यावर मालक काही करू शकेल आणि जो पुढच्या वेळी चुकीचा ठरू शकेल. आपल्या तिमाहीचा शेरा मी असा लिहीन:

‘27,000 च्या आसपास सांगितलेली घरं तीन आठवड्यांत जात आहेत. 29,000 च्या वर सांगितलेली, एसी किंवा मॉड्युलर किचन नसलेली घरं अडकली आहेत. रिकाम्या पाचांपैकी चार तसली आहेत. पहिल्या दहा दिवसांत घर पाहायला तीन कुटुंबंसुद्धा आली नाहीत, तर भाडं जास्त आहे असं समजा. पाहायला येतात पण टोकन देत नाहीत, तर घरात काहीतरी खटकतंय, बहुधा बाथरूम. सध्याचा भाडेकरू चांगला असेल आणि पाच टक्के वाढ देत असेल, तर त्याला सोडू नका.’

माणसं न येणं आणि येऊन परत जाणं यांतला हा फरक एजंटांना अनुभवानं माहीत असतो. भाडं जाहिरातीतच दिसतं, म्हणून ते जास्त असेल तर माणूस येतच नाही. माणूस येऊन परत जातो तेव्हा कारण भाड्यापेक्षा घरात असण्याची शक्यता जास्त: ओल, अंधारं स्वयंपाकघर, पार्किंगचा वाद. या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवल्या नाहीत, तर शेरा लिहायला हाताशी काहीच उरत नाही आणि मग ‘सकारात्मक कल’ येतो.

शेऱ्यात कारण देताना मात्र हात आखडता हवा. कोथरूडमध्ये सध्या एक कारण इतकं मोठं आहे की ते लिहायलाच लागतं: पुनर्विकास. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्या एकामागून एक पाडायला निघाल्या आहेत. एका सोसायटीत चोवीस कुटुंबं असतील तर ती सगळी एकाच महिन्यात घर शोधायला निघतात. मुलांची शाळा, आजोबांचा डॉक्टर, रोजची भाजीवाली सोडवत नाही, म्हणून शक्यतो चालत्या अंतरातच शोधतात. आणि भाडं बिल्डर देतो, ते विकसन करारात आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे घासाघीस वेगळ्याच पातळीवर चालते. अशी एक सोसायटी रिकामी झाली की त्या तिमाहीत दिवस घसरतात, भाडी चढतात, आणि बाकीच्या मालकांना वाटतं परिसराला सोन्याचे दिवस आले. चोवीस कुटुंबं स्थिरावली की पुढच्या तिमाहीत सगळं पूर्ववत. म्हणून पानावर ‘अकरा व्यवहारांपैकी पाच भाडेकरू पुनर्विकासामुळे आलेले’ असं सरळ सांगावं. हे भाडेकरू दोन-तीन वर्षं राहतात, पण त्यांची इमारत उभी राहिली की एकाच महिन्यात जातातही. ज्यांच्या घरात ते आहेत त्या मालकांनी त्या इमारतीच्या ताब्याची तारीख लिहून ठेवावी. त्या महिन्यात त्यांच्या घरासारखी पाच-सहा घरं एकदम रिकामी होणार आहेत.

आणखी एक गोष्ट मालकांनी जाणून असावी. पान लिहिणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ असतो. एजंटला ब्रोकरेज एका महिन्याच्या भाड्याइतकं मिळतं. भाडं हजारानं वाढलं तर त्याला हजार रुपये जास्त, पण घर महिनाभर लवकर गेलं तर त्याला पुढचं घर हाती घेता येतं. म्हणून त्याचा कल भाडं उतरवण्याकडे असतो. विक्रीचं घर मिळवायचं असेल तेव्हा तोच एजंट भाव चढा सांगतो, कारण चढा भाव सांगणाऱ्याकडे मालक जातात. एकाच पानावर भाडी पडेल आणि भाव तेजीत दिसले, तर त्यामागे बाजार असू शकतो आणि हेही असू शकतं. याची खातरजमा करायला सोपा भागाकार आहे. वर्षाचं भाडं 3,24,000 आणि सांगितलेला भाव 1 कोटी 10 लाख, म्हणजे भाड्याचा परतावा तीन टक्क्यांच्या किंचित खाली, तोही मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा करण्याआधी. हा टक्का दर तिमाहीला एका कोपऱ्यात छापला, तर तो का घसरतोय याचं उत्तर एजंटला द्यावंच लागतं.

माझ्या पाहण्यातल्या चांगल्या पानांच्या तळाशी बारीक अक्षरांत मागच्या तिमाहीचा शेरा पुन्हा छापलेला असतो आणि त्याखाली काय झालं ते. ‘मार्चमध्ये आम्ही म्हटलं होतं की 29,000 च्या वरची घरं अडकतील, चारांपैकी तीन भाडं उतरवल्यावर गेली, एक अजून रिकामं आहे.’ त्याशेजारी दुरुस्त्याही असतात: मार्चच्या पानात गेलेलं म्हणून मोजलेलं एक घर टोकन परत गेल्यामुळे पुन्हा रिकाम्यांत आलं, म्हणून तेव्हाचे दोन आठवडे आता अडीच वाचावेत. मालक हे वाचतात. न्यू जर्सीतला मुलगा तर तेवढंच वाचतो आणि मग वर जाऊन आकडे पाहतो.